काम शोधायला किती महिने परवडतं?

गेल्या एप्रिलमध्ये आमच्या एका गटातल्या वहिनी पासबुक घेऊन माझ्याकडे आल्या. दादा वाळूजला कंत्राटावर मशीन ऑपरेटर होते. मार्चअखेर कंत्राट संपलं आणि ते घरी आले. वहिनी म्हणाल्या, "ताई, खात्यात ५० हजार आहेत. चांगलं काम मिळेपर्यंत थांबायचं म्हणतात. थांबता येईल ना?"

मी म्हटलं, वहिनी, हिशेब मांडू, मग तोच सांगेल. आम्ही मांडलेला तो हिशेब आज तुम्हाला सांगते. हीच वेळ तुमच्या घरावर, मुलावर किंवा तुमच्या स्वतःवर आली, तर वहीत असाच मांडा.

आधी महिन्याचा खर्च लिहिला. किराणा ५,०००, भाजी आणि वरखर्च २,०००, गॅस आणि वीजबिल १,४००, सासूबाईंचं औषध ९००, मुलांचं जाणं-येणं १,०००, मोबाईल ७००, गटाच्या कर्जाचा हप्ता २,२००. शेवटची ओळ वहिनी विसरल्या होत्या. काम शोधायलाही पैसे लागतात. एसटीचं भाडं, झेरॉक्स, बाहेरचं जेवण, त्याचे १,३०० धरले. एकूण १४,५०० झाले.

मग चालू असलेली मिळकत लिहिली. दुधाचे, पेंड-चारा वजा जाऊन ३,००० आणि वहिनींच्या शिलाईचे २,५००, असे ५,५००. म्हणजे दर महिन्याला ९,००० कमी पडणार. याला आपण तूट म्हणू. ५० हजारांना ९ हजारांनी भागलं तर साडेपाच महिने येतात. वहिनींच्या चेहऱ्यावर जरा हसू आलं.

पण खात्यातले सगळे पैसे या कामाचे नसतात. जूनमध्ये मुलांची फी आणि वह्या-पुस्तकं ६,००० आणि खरिपाचं बी-खत ८,०००. ते पैसे खात्यात दिसतात, पण त्यांची वाट ठरलेली आहे. १४ हजार वजा केले, उरले ३६ हजार, म्हणजे चार महिने.

आता जी गोष्ट बहुतेक घरं विसरतात ती सांगते. काम मिळालं की दुसऱ्या दिवशी पैसे येत नाहीत. महिना भरायचा, मग पुढच्या महिन्याच्या सात-दहा तारखेला पगार. तोवर घरची एका महिन्याची तूट ९,००० भागवायचीच असते. शिवाय परगावी खोलीचं डिपॉझिट आणि मेस, त्याचे आणखी ९,००० धरले. हे १८ हजार बाजूला ठेवले नाहीत, तर काम मिळूनही रुजू व्हायला उसने मागावे लागतात. म्हणून शोधण्यासाठी खरे उरले १८ हजार. फक्त दोन महिने.

साडेपाचाचे दोन झाले तेव्हा वहिनी गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "पीएफ आहे की." पीएफ आहे, तो हक्काचाच आहे. पण कंपनीने काम सोडल्याची तारीख भरली नसेल किंवा आधारवरचं नाव जुळत नसेल, तर अर्ज अडकतो. खात्यात पडल्याशिवाय तो धरायचा नाही. दागिने आणि शेळ्याही आम्ही धरल्या नाहीत. आजारपण आलं तर हाताशी काहीतरी हवं.

आता प्रश्न मधल्या कामाचा. मनासारखं काम मिळेपर्यंत जे करायचं, ते मधलं काम. दादांना ते पटत नव्हतं. "ऑपरेटर माणूस मी, बिगारी करू?" असं त्यांचं म्हणणं. त्यांना काही न समजावता आम्ही समोर दोन कामं लिहिली.

पहिलं, तालुक्याच्या गावी दुकानात. पगार ८,०००, पण बसभाडं आणि चहा-नाश्ता यांत २,००० जाणार. हातात ६,०००. तूट ९ वरून ३ हजारांवर येते आणि १८ हजार सहा महिने पुरतात. पण सुट्टी फक्त रविवारी. कंपन्यांच्या मुलाखती असतात आठवड्याच्या मधल्या वारी. म्हणजे पैसे पुरतात, पण शोधणं थांबतं. शिवाय पहिला पगार महिन्यानंतर.

दुसरं, जवळच्या बांधकामावर रोजंदारी. रोज ५००, महिन्यात दहा दिवस केलं तरी ५,०००. तूट राहते ४,०००, म्हणजे साडेचार महिने. हिशेब आठवडी बाजाराच्या दिवशी हातात, आणि मुलाखत असेल त्या दिवशी खाडा करता येतो. रक्कम कमी असूनही दादांसाठी हेच काम बरं होतं. मधलं काम निवडताना म्हणून दोन गोष्टी बघा, खर्च जाऊन हातात किती उरतं आणि शोधायला दिवस मोकळा मिळतो का. कुणी मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेत असेल, अकरा महिने सोडता येणार नाही असं लिहून घेत असेल किंवा काम देण्यासाठी आधी पैसे मागत असेल, तर ते काम घेऊ नका.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हे काम कधी सुरू करायचं. दादा म्हणाले, "दोन महिने बघतो, नाही जमलं तर जातो बिगारीला." आम्ही तेही मांडलं. आजच सुरू केलं तर साडेचार महिने मिळतात. एक महिना थांबून सुरू केलं, तर ९ हजार संपलेले असतात. उरलेल्या ९ हजारांत सव्वादोन महिने निघतात, एकूण सव्वातीन. दोन्ही महिने थांबलं तर हातात काहीच उरत नाही आणि पहिल्याच आठवड्यात बी-बियाण्याच्या पैशाला हात लागतो. मधलं काम पैसे संपल्यावर करायचं नसतं. पैसे शिल्लक असतात तेव्हाच ते दिवस वाढवून देतं.

माझा अंदाज असा. हा सगळा हिशेब करून चार-पाच महिने उरत असतील, तर पहिला महिना पूर्ण वेळ शोधायला द्या. दोन किंवा कमी उरत असतील, तर पहिल्या आठवड्यापासून मधलं काम बघा. आणि महिनाअखेरी अर्ज किती केले ते मोजू नका, बोलावणी किती आली ते मोजा. दहा ठिकाणी अर्ज करून एकही फोन नसेल, तर आणखी थांबून उपयोग नाही. कागदपत्रं, गाव किंवा कामाचा प्रकार बदलून बघावा लागेल.

हप्त्याचं काय? वहिनींनी हप्ता चुकण्याआधीच बैठकीत सांगितलं. त्यांचं कर्ज गटाच्या स्वतःच्या बचतीतलं होतं, म्हणून ठराव करून दोन महिने फक्त व्याज घेतलं. बँकेचं कर्ज असतं, तर गटाला ते एकट्याने ठरवता आलं नसतं.

दादांनी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात बिगारी धरली. मुलाखतींसाठी सहा खाडे झाले. जूनअखेर चाकणला काम लागलं, तेव्हा खोलीचं डिपॉझिट बाजूला ठेवलेल्या पैशातूनच भरलं. तोवर वहिनींची पेरणी झाली होती.