पहिल्या ग्लासालाच लाल होणारे चेहरे

जपानमध्ये काम सुटल्यावर सहकाऱ्यांबरोबर बसून बिअर पिणं हा अनेक ठिकाणी नोकरीचाच भाग मानला जातो. अशा एखाद्या टेबलावर नीट पाहिलं, तर काही जणांचे गाल, कान आणि मान पहिला ग्लास संपायच्या आतच लालभडक झालेले दिसतात. छाती धडधडते, डोकं जड होतं, मळमळतं. शेजारचा माणूस मात्र तिसऱ्या ग्लासावर असूनही त्याच्या चेहऱ्याचा रंग बदललेला नसतो. लाल झालेल्याला लोक म्हणतात, ‘याला लवकर चढते’. पण नशा चढते ती मद्यातल्या अल्कोहोलमुळे, आणि चेहरा लाल होतो तो त्याच अल्कोहोलपासून शरीरात तयार झालेल्या दुसऱ्याच एका पदार्थामुळे. हा फरक कळणं फार गरजेचं आहे, कारण तो दुसरा पदार्थ विषारी आहे.

पोटात गेलेल्या अल्कोहोलची विल्हेवाट मुख्यतः यकृतात, दोन पायऱ्यांनी लागते. पहिल्या पायरीवर एक विकर, म्हणजे एन्झाइम, अल्कोहोलचं ॲसिटाल्डिहाइड करतं. दुसऱ्या पायरीवर दुसरं विकर या ॲसिटाल्डिहाइडचं ॲसिटेट करतं. ॲसिटेट निरुपद्रवी असतं, शरीर त्याचा इंधन म्हणून वापर करतं. दुसऱ्या पायरीचं काम बहुतांशी पेशीतल्या तंतुकणिकांमध्ये चालतं आणि ते करणाऱ्या विकराचं नाव आहे एएलडीएच-२. ते नीट चालत असेल तर ॲसिटाल्डिहाइड तयार झाल्या झाल्या निकालात निघतं, रक्तात ते नावापुरतंच सापडतं. दुसरी पायरी मंदावली की पहिली मात्र आपल्या वेगाने चालूच राहते आणि ॲसिटाल्डिहाइड साचत जातं. त्याच्यामुळे पेशींमधून हिस्टामिन बाहेर पडतं, त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि चेहऱ्याकडे रक्त धावतं.

बिघाड असतो तो बाराव्या गुणसूत्रावरच्या जनुकातल्या एका अक्षराचा. त्या एका बदलामुळे विकराच्या लांबलचक साखळीत एका जागी ग्लुटामेटऐवजी लायसिन हे अमिनो आम्ल बसतं. जनुकाच्या दोन प्रती आपल्याकडे असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. मग एकच प्रत बिघडलेली असेल तर निम्मं काम तरी चालू राहायला हवं, असं वाटतं. प्रत्यक्षात तसं होत नाही. हे विकर चार तुकडे एकत्र येऊन बनतं, आणि बाजेचा एक पाय अधू असला तर उरलेले तीन धड असून बाज डगमगते, तसा एक सदोष तुकडा बाकीच्यांचंही काम बिघडवतो. निम्मे तुकडे सदोष असतील तर चारही धड तुकडे जुळून येण्याची शक्यता सोळात एक. मिश्र विकरं थोडंफार काम करतात, पण क्षमता निम्म्याहून बरीच खाली जाते. दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तर हे विकर जवळपास बंदच असतं.

हा बदल मुख्यतः जपानी, चिनी आणि कोरियन लोकांमध्ये आढळतो. पूर्व आशियातल्या साधारण ३६ टक्के लोकांचा चेहरा मद्याने असा लाल होतो, असा अंदाज आहे. दोन्ही प्रती बिघडलेल्या माणसाला थोडंसं मद्यही इतकं सोसत नाही, की तो सहसा पिण्याच्या वाटेलाच जात नाही. व्यसनी लोकांत असा माणूस जवळजवळ सापडत नाही. खरी काळजी आहे ती एकच प्रत बिघडलेल्यांची. त्यांना त्रास होतो, पण नेट लावून पिता येतं. हिगुची सुसुमु आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जपानमधल्या मद्यव्यसनी रुग्णांची जनुकं तपासली आणि निष्कर्ष १९९४ मध्ये ‘लॅन्सेट’ साप्ताहिकात प्रसिद्ध केले. अशी एक सदोष प्रत असलेले रुग्ण १९७९ मध्ये २.५ टक्के होते, १९८६ मध्ये ८ टक्के आणि १९९२ मध्ये १३ टक्के. तेरा वर्षांत समाजाची जनुकं बदलत नाहीत. बदललं होतं ते मद्याभोवतीचं वातावरण. शरीर नको म्हणत असतानाही माणसं पीत राहिली, इतकं त्याचं वजन होतं.

पीत राहिलं की आणखी एक गोष्ट घडते, आणि मला ती सगळ्यांत घातक वाटते. वर्ष-दोन वर्षांत अनेकांची लाली ओसरते. माणसाला वाटतं, सवय झाली, आता पचतं. पण सवय लालीची आणि मळमळीची झालेली असते, विकर होतं तसंच अधू राहतं. काही जण पिण्याआधी फॅमोटिडिनसारखी आम्लपित्ताची गोळी घेतात. ती हिस्टामिनचा परिणाम अडवते, म्हणून चेहरा कमी लाल होतो. ॲसिटाल्डिहाइड मात्र साचतच राहतं, आणि थांबण्याची खूण पुसली गेल्यामुळे माणूस उलट जास्तच पितो.

साचलेलं ॲसिटाल्डिहाइड पेशीतल्या डीएनएला चिकटून त्याची मोडतोड करतं. लाळेतही ते उतरतं आणि तोंडातले जिवाणू त्यात भर घालतात, त्यामुळे घसा आणि अन्ननलिका यांना त्याचा मारा जास्त बसतो. मद्यपानाशी निगडित ॲसिटाल्डिहाइड माणसात कर्करोग घडवतं, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००९ मध्ये दिला. एक सदोष प्रत असूनही नियमित भरपूर पिणाऱ्याला अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका तितकंच पिणाऱ्या इतरांपेक्षा कित्येक पटींनी जास्त असतो. तो सिगारेटही ओढत असेल तर धोका आणखी चढतो.

महाराष्ट्रात हा जनुकीय बदल क्वचितच आढळतो. इथे कुणाचा चेहरा मद्याने लाल होत असेल तर त्वचेचा विकार किंवा चालू असलेलं औषध अशी इतर कारणंही तपासावी लागतात. मात्र व्यसनमुक्तीसाठी दिली जाणारी डायसल्फिरामची गोळी नेमका हाच बिघाड मुद्दाम घडवते. १९४० च्या दशकात कोपनहेगनमधले येन्स हाल्ड आणि एरिक याकोबसेन हे संशोधक जंतांवरचं औषध म्हणून तिची तपासणी करत होते. स्वतः गोळी घेतल्यावर मद्य सोसेनासं झालं, तेव्हा तिचा हा गुण त्यांच्या ध्यानात आला. गोळी एएलडीएच-२ ला निकामी करते आणि ती बंद केल्यावरही परिणाम दोन आठवड्यांपर्यंत टिकू शकतो. म्हणून घरातल्या पिणाऱ्याला न सांगता ती भाजीत किंवा चहात मिसळणं अत्यंत धोक्याचं आहे. त्याने मद्य घेतलं तर रक्तदाब एकदम कोसळू शकतो, जीवही जाऊ शकतो. ही गोळी रुग्णाच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायची असते.

जनुक चाचणीशिवायही हा दोष बऱ्यापैकी ओळखता येतो. जपानी डॉक्टर दोन प्रश्न विचारतात: एक लहान ग्लास, म्हणजे साधारण १८० मिलिलिटर बिअर घेतल्यावर चेहरा लगेच लाल होतो का? आणि प्यायला सुरुवात केली तेव्हाच्या पहिल्या एक-दोन वर्षांत होत असे का? लाली ओसरलेला माणूस दुसऱ्या प्रश्नात सापडतो. पूर्व आशियाई लोकांत यांपैकी एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर हे विकर अधू असण्याची शक्यता मोठी असते. असा माणूस अनेक वर्षं भरपूर पीत आला असेल तर त्याच्या अन्ननलिकेत दुर्बीण घालून आतल्या अस्तरावर आयोडीनचं द्रावण फवारतात. निरोगी अस्तर तपकिरी होतं, बिघडलेला भाग रंग घेत नाही आणि फिकट राहतो. एवढ्या लवकर सापडलेला डाग दुर्बिणीतूनच काढून टाकता येतो, छाती उघडावी लागत नाही.