डबल बेल आणि १२५ फ्रेम्स

विंडोज ९५ सुरू होताना वाजणारा सूर करण्याचं काम ब्रायन ईनो या ब्रिटिश संगीतकाराकडे आलं, तेव्हा सोबत विशेषणांची भलीमोठी यादी होती. सूर प्रेरणा देणारा हवा, आशावादी हवा, भविष्याची चाहूल देणारा हवा, भावपूर्णही हवा. यादीच्या तळाशी एक अट होती: लांबी सव्वातीन सेकंद. ईनोने एकूण ८४ तुकडे रचले. त्यातला जो निवडला गेला तो भरला जवळपास सहा सेकंदांचा! अट घालणाऱ्यांनीच ती मोडली, आणि ते बरंच झालं.

तेव्हा असली कामं बड्या कंपन्यांची आणि दूरचित्रवाणी केंद्रांची असत. १९७६मध्ये दूरदर्शनचं बोधचिन्ह पडद्यावर आलं. ते अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत आकाराला आलं होतं, आणि त्यासोबतची धून पंडित रविशंकर आणि उस्ताद अली अहमद हुसेन खान यांची होती. फिरत फिरत जुळणाऱ्या त्या दोन वक्रांना घाई नव्हती. प्रेक्षकाकडे दुसरं चॅनेलच नव्हतं. आज स्वयंपाकघरातून, शेताच्या बांधावरून किंवा गाडीच्या खिडकीतून चॅनेल चालवणाऱ्याला पाच सेकंदांत तेच काम उरकायचं असतं: नाव दाखवायचं, ओळखीचा आवाज ऐकवायचा आणि बाजूला व्हायचं. व्हिडिओच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या या छोट्या तुकड्याला एडिटिंगवाले ‘स्टिंग’ म्हणतात.

पाच सेकंद ऐकायला तुटपुंजे वाटतात. म्हणून नवखा माणूस त्यात जमेल तेवढं कोंबतो: ठिणग्या, धूर, गरगर फिरणारी अक्षरं, शेवटी धडाम. प्रत्यक्षात चांगल्या स्टिंगमध्ये हालचाल जेमतेम दीड सेकंदाची असते. बाकीच्या वेळात लोगो नुसता उभा असतो आणि दोन्ही टोकांना थोडी शांतता असते.

समजा, एसटीने महाराष्ट्र फिरून दाखवणारं एक चॅनेल आहे आणि त्याचं नाव ‘डबल बेल’. कंडक्टरने दोनदा घंटी दिली की गाडी निघते आणि एकदा दिली की थांबते, हे एसटीत बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. म्हणजे साउंड लोगो तयारच आहे. सुरुवातीला दोन टोल, शेवटी एक. त्याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही, आणि गुळगुळीत रेडिमेड संगीताच्या तुकड्यापेक्षा तो शंभर पटींनी आपला वाटतो. रेडिमेड तुकड्यांची आणखी एक कटकट असते. त्यांचा परवाना नीट घेतला नसेल, तर प्रत्येक व्हिडिओवर कुणीतरी हक्क सांगायला येतं, कारण स्टिंग प्रत्येक व्हिडिओत असतो.

आता चित्र. घंटीची दोरी पडद्यावर आडवी ताणली जाते आणि तीच लोगोची शिरोरेखा होते. पहिल्या टोलाला ‘डबल’ हा शब्द तिला लटकतो, दुसऱ्या टोलाला ‘बेल’. आपल्याकडे सेकंदाला २५ फ्रेम्सचा हिशेब रूढ आहे. त्या मापाने पाच सेकंद म्हणजे १२५ फ्रेम्स, आणि लेखी स्क्रिप्ट अशी दिसते:

फ्रेम ० ते १०: लाल पार्श्वभूमी. हालचाल नाही, आवाज नाही.
फ्रेम १० ते २५: दोरी डावीकडून उजवीकडे ताणली जाते. दोरीची हलकी करकर.
फ्रेम २५: पहिला टोल. ‘डबल’ जागेवर.
फ्रेम ३५: दुसरा टोल. ‘बेल’ जागेवर. अक्षरं किंचित हलून ४५व्या फ्रेमपर्यंत स्थिर.
फ्रेम ४५ ते ११०: लोगो स्थिर. घंटीचा नाद विरत जातो.
फ्रेम ११० ते १२५: चित्र विरतं. आवाज १२०व्या फ्रेमला पूर्ण शून्यावर.

यातल्या पहिल्या दहा फ्रेम्स वाया गेल्यासारख्या वाटतात आणि काटकसर करणारा नेमक्या त्याच कापतो. मग घरच्या ब्लूटूथ स्पीकरवर पहिला टोल अर्धवट ऐकू येतो, कारण झोपेतून जागा होणारा स्पीकर सुरुवातीचा क्षणभराचा आवाज गिळतो. शेवटच्या पाच निःशब्द फ्रेम्सचंही तसंच. नाद शून्यावर यायच्या आत फाइल संपली, तर जोडाजवळ बारीकसा ‘टक्’ ऐकू येतो. व्हिडिओ बनवणाऱ्याला तो ऐकू येत नाही. हेडफोन लावून ऐकणारा मात्र कॉमेंटमध्ये हमखास लिहितो.

टोल आणि अक्षर यांचा मेळ हा सगळ्यांत नाजूक भाग. एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद. आवाज चित्राच्या पुढे साधारण ४५ मिलिसेकंद धावला तरी माणसाला खटकू लागतं; मागे राहिला तर मात्र १२५ मिलिसेकंदांपर्यंत सहसा लक्षात येत नाही, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीत नोंदलेलं आहे. कारण सोपं आहे. आवाज प्रकाशानंतर पोचतो, ही कानाडोळ्यांची जन्मभराची सवय. म्हणून टोल नेमका २५व्या फ्रेमवर बसत नसेल, तर तो २६वर ढकलावा, २४वर कधीही नाही.

हा मेळ बिघडतो तो बहुधा रचनेत नाही, तर आयातीत. मोबाइलवरचं शूटिंग बऱ्याचदा सेकंदाला ३० फ्रेम्सने झालेलं असतं. स्टिंगचं चित्र सुट्या फ्रेम्सच्या मालिकेत आणलं आणि सॉफ्टवेअरने ती ३०च्या गतीने वाचली, तर १२५ फ्रेम्स सव्वाचार सेकंदांच्या आतच संपतात. आवाज मात्र पाच सेकंदच चालतो. मग ‘बेल’ हा शब्द आधी लटकतो आणि टोल जवळजवळ पाव सेकंदाने मागून येतो. घंटी जणू दुसऱ्याच गाडीची! यावर उपाय म्हणजे चॅनेलचं शूटिंग ज्या गतीने होतं, त्याच गतीने स्टिंग पहिल्यापासून बनवणं.

देवनागरी लोगोची एक वेगळी अडचण आहे आणि ती परदेशी टेम्प्लेटमध्ये हटकून उद्भवते. इंग्रजीसाठी बनवलेलं, अक्षरामागून अक्षर पुढे आणणारं अ‍ॅनिमेशन ‘बे’चे दोन तुकडे करतं: आधी उघडा ‘ब’, मग हवेतून येणारी मात्रा. जोडाक्षर असेल तर हाल विचारू नका. शिवाय शब्द ज्या अदृश्य चौकटीतून वर सरकतो, तिची उंची रोमन अक्षरांना बेतलेली असल्यामुळे मात्रेचा शेंडा छाटला जातो. लोगोचं आधी आकृतीत रूपांतर करून घ्यावं आणि अख्खा शब्द एकसंध हलवावा. ‘डबल बेल’मध्ये एका टोलाला एक शब्द येतो तो यासाठीही.

लोगो पडद्यावर कुठे ठेवायचा याचा संकेत दूरचित्रवाणीकडून आला आहे. जुने टीव्ही चित्राच्या कडा कापत. आताचेही काही कापतात. युरोपीय प्रसारण संघाच्या शिफारशीप्रमाणे अक्षरं चारही कडांपासून पाच टक्के आत असावीत. १९२० बाय १०८० च्या फुल एचडी चित्रात हे अंतर डाव्या-उजव्या बाजूला ९६ पिक्सेल आणि वर-खाली ५४ पिक्सेल भरतं.

आवाजाच्या पातळीबाबत मोठा गैरसमज आहे. यूट्यूब आवाज आपोआप सारखा करतं, हे खरं. पण ते अख्ख्या व्हिडिओची सरासरी पाहून जास्त मोठा असेल तर तो सगळाच खाली आणतं. शांतपणे बोलणाऱ्या माणसाआधी ठणाणा वाजणारी घंटी ठेवली, तर दोघांमधली दरी तशीच राहते. तपासायचं कसं? रात्री फोनचा आवाज कमी करून बोलणं नीट ऐकू येईल अशा पातळीवर ठेवावा आणि स्टिंग वाजवावा. हात आवाजाच्या बटणाकडे गेला, तर घंटी मोठी आहे. याच तपासणीत दुसरीही गोष्ट उघड होते. स्टुडिओच्या स्पीकरवर छाती दणाणवणारा खर्जातला ठोका फोनवर मुळी उमटतच नाही, कारण तो इवलासा स्पीकर एवढे खालचे सूर काढू शकत नाही. घंटीचे उंच सूर मात्र तिथेही खणखणीत ऐकू येतात. नेटफ्लिक्सच्या ‘ता-डम’मध्ये लग्नाच्या अंगठीने पलंगाशेजारच्या लाकडी कपाटावर मारलेले ठोके आहेत, टणक वस्तूच्या आघाताला एक धार असते, ती छोट्या स्पीकरवरही टिकते.

लोगो उघडताना पांढरा लखलखाट करण्याची हौस अनेकांना असते. एखादा चालेल, ओळीने नकोत. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये ‘पोकेमॉन’च्या एका भागात लाल-निळ्या प्रकाशाची वेगाने उघडझाप झाली आणि शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं. एका सेकंदात तीनपेक्षा जास्त लखलखाट नसावेत, हा प्रसारणातला नियम घरगुती चॅनेललाही तितकाच लागू पडतो.

पाच सेकंदांची सुरुवात व्हिडिओच्या अगदी तोंडाशी लावायची का? शक्यतो नाही. आधी प्रवासातला एखादा उत्सुकता वाढवणारा क्षण दाखवावा, मग डबल बेल द्यावी. नियमित पाहणाऱ्यांसाठी २०व्या फ्रेमपासून ७०व्या फ्रेमपर्यंतचा दोन सेकंदांचा तुकडाही पुरतो. दोन्ही टोल त्यात येतात, फक्त विरणारा नाद तेवढ्यात आटोपावा लागतो.

शेवटाचं गणित मात्र वेगळं आहे आणि तिथे पाच सेकंदांना पक्कं कारण आहे. पुढचे व्हिडिओ आणि सबस्क्राइबचं बटण दाखवणारी यूट्यूबची एंड स्क्रीन व्हिडिओच्या अखेरच्या ५ ते २० सेकंदांतच लावता येते, आणि त्यासाठी व्हिडिओ किमान २५ सेकंदांचा लागतो. पाचपेक्षा कमी चालतच नाही. म्हणून आउट्रो मोजून १२५ फ्रेम्सचा केला, तर फसगत होते. आधीच्या दृश्याशी तो जोडताना अर्ध्या सेकंदाचा क्रॉसफेड दिला की तेवढ्या वेळात दोन दृश्यं एकमेकांवर असतात, आणि चौकटी निवेदकाच्या चेहऱ्यावर येऊन बसतात. आउट्रो १५० फ्रेम्सचा करावा. पहिला सेकंद जोडाचा, उरलेले पाच चौकटींचे.

त्या पहिल्या सेकंदातच, २०व्या फ्रेमवर, एक टोल पडतो. चौकटी कुठल्या क्षणी उमटतील हे प्लेअर ठरवतो, त्यात फ्रेमची अचूकता नसते. म्हणून टोल त्यांच्या किंचित आधीच ठेवायचा. तोवर लोगो डाव्या वरच्या कोपऱ्यात लहान होऊन बसलेला हवा आणि उजवीकडची जागा कोऱ्या लाल रंगाची. तिथे कुठलीही नक्षी काढू नये, चौकटी ती झाकणारच आहेत. चौकटींची जागा पाहायला व्हिडिओ आधी ‘अनलिस्टेड’ ठेवून चढवावा आणि फोनवर व टीव्हीवर एकेकदा शेवटपर्यंत पाहावा. टोलाचा नाद १२०व्या फ्रेमच्या आत विरायला हवा, कारण ऑटोप्ले चालू असेल तर लगेच पुढचा व्हिडिओ सुरू होतो, आणि तो याच चॅनेलचा असेल तर थोड्याच वेळात पुन्हा दोन टोल पडणार असतात.