चुनखडी ९०० डिग्रीच्या आसपासच का फुटते? भट्टीचा हा हिशोब तीन अक्षरांत मांडता येतो

महाराष्ट्रातल्या बऱ्याच किल्ल्यांवर एक गोल दगडी चर दिसतो आणि त्याच्या शेजारी जाडजूड दगडी चाक पडलेलं असतं. हा चुन्याचा घाणा. बैल हे चाक ओढायचे आणि चरात चुना मळला जायचा. पण घाण्यात येण्याआधी हा चुना भट्टीतून निघालेला असायचा. चुनखडी किंवा समुद्रकाठचे शिंपले भट्टीत भाजले की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मागे कळीचा चुना उरतो.

आता गंमत बघा. चुनखडी उन्हात लाखो वर्षं पडून राहिली तरी तिला काही होत नाही. तीच ९०० डिग्रीच्या भट्टीत मात्र फुटते. बरं, तिच्यापासून केलेला चुना भिंतीत भरला, की तो हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत घेतो आणि पुन्हा चुनखडी होतो. म्हणजे गरम असताना गाडी एका दिशेने जाते आणि थंड असताना उलट्या दिशेने. ही दिशा ठरवतं कोण?

याचं उत्तर अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचे प्राध्यापक जोसाया विलार्ड गिब्ज यांनी १८७० च्या दशकात दिलं. त्यांच्या नावाने ओळखली जाणारी राशी म्हणजे गिब्ज मुक्त ऊर्जा, अर्थात G. तापमान आणि दाब स्थिर असताना तिच्यातला बदल असा काढतात :

ΔG = ΔH − TΔS

यातला ΔH म्हणजे एन्थाल्पीतला बदल. सोप्या भाषेत, स्थिर दाबाला अभिक्रियेने किती उष्णता घेतली किंवा सोडली. घेतली तर अधिक, सोडली तर वजा. ΔS म्हणजे एन्ट्रॉपीतला बदल. कण आणि त्यांची ऊर्जा जितक्या जास्त प्रकारांनी पसरू शकते, तितकी एन्ट्रॉपी जास्त. घट्ट दगडातून मोकळा वायू सुटला की ती जोरात वाढते. T म्हणजे केल्विनमधलं तापमान, सेल्सिअसमध्ये २७३ मिळवले की मिळतं ते.

ΔG वजा आला तर अभिक्रिया आपोआप पुढे जाऊ शकते. अधिक आला तर पुढे जात नाही, उलट्या दिशेने जाऊ शकते. शून्य आला तर दोन्ही बाजू समतोलात.

हा नियम आभाळातून पडलेला नाही. कुठलीही गोष्ट आपोआप घडायची तर पदार्थ आणि त्याचा परिसर या दोघांची मिळून एन्ट्रॉपी वाढली पाहिजे. पदार्थाने उष्णता बाहेर सोडली की परिसराची एन्ट्रॉपी वाढते, शोषून घेतली की घटते. परिसराचा हा हिशोब ΔH मधून येतो आणि पदार्थाचा स्वतःचा ΔS मधून. गिब्ज यांच्या समीकरणामुळे परिसर वेगळा मोजायची गरज उरत नाही.

आता चुनखडीचे आकडे घालून बघू. १ मोल, म्हणजे १०० ग्रॅम चुनखडी फोडायला सुमारे १७८ किलोज्यूल उष्णता लागते. वायू सुटल्यामुळे एन्ट्रॉपी केल्विनमागे सुमारे १६१ ज्यूलने वाढते, म्हणजेच ०.१६१ किलोज्यूल. इथे भलेभले चुकतात. ΔH किलोज्यूलमध्ये आणि ΔS ज्यूलमध्ये दिलेला असतो, तो तसाच वजा केला की उत्तर भलतंच येतं.

तापमान २५ डिग्री, म्हणजे २९८ केल्विन असेल, तर TΔS होतो सुमारे ४८. १७८ मधून ४८ गेले, ΔG आला अधिक १३०. म्हणून उन्हातली चुनखडी जागची हलत नाही. आता तापमान १२०० केल्विन धरा, म्हणजे साधारण ९२७ डिग्री. TΔS झाला १९३. १७८ मधून १९३ गेले, ΔG वजा १५. भट्टी चालू!

मग पारडं नेमकं कुठे फिरतं? ΔG शून्य होतो तिथे. १७८ ला ०.१६१ ने भागलं की सुमारे ११०६ केल्विन येतात, म्हणजे ८३० डिग्रीच्या आसपास. प्रत्यक्षात हा आकडा ९०० च्या जवळ जातो, कारण आपण वापरलेले ΔH आणि ΔS २५ डिग्रीचे आहेत आणि तापमानानुसार ते थोडे बदलतात.

हा आकडा कार्बन डायऑक्साइडचा दाब १ वातावरण धरून आहे, हेही महत्त्वाचं. सुटलेला वायू वाऱ्याने निघून जात असेल, तर चुनखडी याहून कमी तापमानालाही फुटते. वायू कोंडून राहिला, तर तापमान तेवढंच असूनही काम अडतं. म्हणून भट्टीत हवा खेळती लागते.

आता भिंतीतला चुना. भिजवलेला चुना कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडी होताना मोलमागे सुमारे ११३ किलोज्यूल उष्णता बाहेर टाकतो, पण वायू बांधला गेल्याने एन्ट्रॉपी घटते. दोन्ही चिन्हं वजा. अशा वेळी थंड तापमान फायद्याचं, कारण T लहान असला की एन्ट्रॉपीचा तोटा लहान राहतो. २५ डिग्रीला ΔG येतो सुमारे वजा ७३.

म्हणजे दोन्ही चिन्हं सारखी असली की निर्णय तापमानाच्या हातात. चिन्हं विरुद्ध असतील तर मात्र तापमानाला काही विचारावंच लागत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन होताना उष्णताही सुटते आणि एन्ट्रॉपीही वाढते, त्यामुळे ΔG कायम वजा. याउलट ऑक्सिजनपासून ओझोन होताना उष्णता लागते आणि एन्ट्रॉपी घटते, त्यामुळे नुसतं तापवून हे काम कधीच आपोआप होत नाही. वरच्या वातावरणात ओझोन तयार होतो तो सूर्याच्या अतिनील किरणांची ऊर्जा बाहेरून मिळते म्हणून.

पण एक घोळ टाळायला हवा. ΔG फक्त दिशा सांगतो, वेग नाही. पेरॉक्साइडचा ΔG वजा असूनही त्याची बाटली मेडिकलमध्ये महिनोन्महिने टिकते. तेच जखमेवर टाकलं की रक्तातल्या कॅटलेज या एन्झाइममुळे झटकन फेसाळतं. चुन्याच्या जाड भिंतीलाही आतपर्यंत चुनखडी व्हायला वर्षानुवर्षं लागतात.

हा हिशोब आज सिमेंटच्या कारखान्यात येऊन अडतो. सिमेंटसाठीही चुनखडीच फोडावी लागते. १०० ग्रॅम चुनखडीतून ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे १ टनामागे ४४० किलो. कोळसा बंद करून भट्टी सौरऊर्जेवर तापवली, तरी कोळशाचा धूर तेवढा वाचेल, हे ४४० किलो वाचणार नाहीत. कारण ज्या वायूच्या सुटण्याने TΔS वाढतो आणि ΔG वजा होतो, तो हाच वायू आहे. तो बाहेर पडला नाही, तर चुनखडी फुटतच नाही.