कोणती ओळ कोणाच्या तोंडी?

रंगभूमीवरच्या द्वंद्वगीतात चाल आणि शब्द चांगले असले तरी ते फसू शकते. दोघे आळीपाळीने गातात, शेवटी एकत्र गातात, आणि गाणे संपते तेव्हा दोघेही सुरुवातीला होते तिथेच असतात. ओळी समसमान वाटल्या गेल्या, पण त्या वाटणीतून काही घडले नाही. खरे तर द्वंद्वगीताचे कथानक या वाटणीतच असते. कोण आधी बोलतो, कोण किती वेळ घेतो, कोण दुसऱ्याचे शब्द उचलतो, यावरून प्रेक्षकाला कळते की कोण कोणाकडे सरकतो आहे.

याचे फार स्वच्छ उदाहरण मोझार्टच्या ‘डॉन जोव्हानी’ या ऑपेरात आहे. 1787 मध्ये प्रागला तो पहिल्यांदा झाला. संहिता लोरेन्झो दा पोन्ते यांची. पहिल्या अंकात झेर्लिना या खेडवळ मुलीचे लग्न लागायचे असते आणि नेमक्या त्याच दिवशी उमराव डॉन जोव्हानी तिला आपल्या वाड्यावर चलण्याचा आग्रह करतो. ती जाईल की नाही, एवढाच प्रश्न, आणि तो तीन-साडेतीन मिनिटांच्या गाण्यात सुटतो.

दा पोन्तेने कागदावर केलेली वाटणी पाहा. आधी जोव्हानीला चार ओळी, मग झेर्लिनाला चार. त्यानंतर दोघे एकेका ओळीवर येतात: त्याची एक, तिची एक, पुन्हा त्याची एक, तिची एक. मग ‘चल’ अशा अर्थाचा एकच शब्द तो म्हणतो आणि तोच शब्द ती म्हणते. शेवटच्या तीन ओळी दोघांच्या मिळून. चार ओळींवरून एका ओळीवर, ओळीवरून शब्दावर. वाक्ये जसजशी आखूड होतात तसतसे दोघांतले अंतर कमी होते. निर्णयाचा शब्द आधी त्याने उच्चारला आहे, तिने तो फक्त घेतला आहे. ती हरली हे सांगायला वेगळी ओळ लागत नाही.

मोझार्टने या वाटणीत आणखी भर घातली. जोव्हानी आठ बार गातो. झेर्लिना उत्तर देते ते त्याच्याच चालीवर. शब्दांत ती अजून ‘जावे की न जावे’ म्हणते आहे, पण चाल त्याची घेऊन बसली आहे. मात्र ती दहा बार घेते, कारण शेवटची शंका ती पुन्हा एकदा बोलून दाखवते. ते दोन बार म्हणजे तिचे घुटमळणे. पुढे मोझार्ट पहिल्या कडव्यांकडे परत येतो, पण आता दोघांच्या ओळी तो एकमेकींत विणतो: त्याची पहिली, लगेच तिची पहिली, मग त्याची दुसरी, तिची दुसरी. पुढे तिची ओळ संपण्याआधीच त्याची सुरू होते आणि आवाज एकमेकांवर चढतात.

दोन माणसे एकाच वेळी वेगवेगळे शब्द गाऊ लागली की प्रेक्षकाला एकाचेही नीट कळत नाही. मग मोझार्टला ते कसे चालले? कारण एकमेकांवर येणाऱ्या त्या ओळी आपण आधी सुट्या ऐकलेल्या असतात. अर्थ पोचलेला असतो, आता फक्त ओढाताण ऐकायची असते. शेवटच्या तीन ओळी नव्या आहेत, पण तिथे दोघांचे शब्द एकच आहेत. आवाज एकत्र आणण्याच्या या दोनच सुरक्षित जागा: वेगळे शब्द असतील तर आधी ऐकलेले, नवे असतील तर दोघांचे तेच. कथेतली नवी बातमी कधीही दुहेरी आवाजात देऊ नये.

हे मराठीत करून पाहू. प्रेमिकांऐवजी भाऊ-बहीण घेऊ. वडिलोपार्जित घर विकायचे की नाही, हा वाद.

भाऊ: विकून टाकू घर हे, ताई,
ओल भिंतिला पुन्हा दिसे
ताई: तुळशीपाशी आई दिसते,
तिला विकू मी सांग कसे?

दोघांच्या पहिल्या ओळी सोळा मात्रांच्या, दुसऱ्या चौदा मात्रांच्या. त्यामुळे चाल एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकते. घर एकच, पण त्याला ओल दिसते आणि तिला आई. भावाची नावे खोडली तरी या ओळी कोणाच्या हे ओळखू येते. आता वाक्ये आखडायची, आठ-आठ मात्रांवर:

भाऊ: कोण राहते?
ताई: ती तर आहे.
भाऊ: कर्ज फेडणे –
ताई: मला ठाऊक.

शेवटच्या उत्तरात ताई पहिल्यांदा त्याच्या बाजूला थोडी आली. आवाज एकमेकांवर आणायचे ते यानंतर. भावाची ‘ओल भिंतिला पुन्हा दिसे’ आणि ताईची ‘तिला विकू मी सांग कसे’ या ओळी एकदम लावता येतात, कारण दोन्ही ऐकून झाल्या आहेत, दोन्हींच्या मात्रा चौदा आहेत आणि ‘दिसे’ व ‘कसे’ दोन्ही ‘ए’वर थांबतात. शेवटचा स्वर लांबवला की दोन आवाज एका उच्चारात मिळतात. एक ओळ ‘ए’वर आणि दुसरी ‘ऊ’वर संपली असती तर तोंडांचे आकार निराळे झाले असते आणि जोड फाटकी ऐकू आली असती.

पुढे काय, ते नाटक ठरवेल. घर विकले जाणार असेल तर ताईने भावाची ‘ओल भिंतिला’ उचलावी. राहणार असेल तर भावाने गाता गाता आपली ओल सोडून ‘आई दिसते’ म्हणावे. दोघे शेवटपर्यंत अडून राहणार असतील तर त्यांना समान शब्द देऊच नयेत. सुंदर वाटते म्हणून शेवट एकत्र गाववला तर न झालेला समेट झाल्यासारखा वाटतो.

मराठीत लिहिताना पट्टीचा प्रश्न वेगळा येतो. ऑपेरात सोप्रानो इतकी उंच गाते की पुरुषाची चाल ती सरळ एक सप्तक वर नेऊ शकते. आपल्याकडे पुरुष साधारण काळी एक-दोनमध्ये आणि स्त्रिया काळी चार-पाचमध्ये गातात. अंतर सप्तकाचे नसून चार-पाच स्वरांचे असते. ताईसाठी काळी चार धरली तर तिच्या तार षड्जावर भावाला गळा ताणावा लागेल, आणि एक सप्तक खाली आणले तर त्याचा आवाज खर्जात विरेल. म्हणून त्याच्या ओळी मंद्र पंचमापासून मध्य पंचमापर्यंत ठेवाव्यात आणि वरची जागा तिला मोकळी सोडावी. आवाज एकत्र येतील तेव्हा तो खाली आणि ती वर असली की दोन्ही ओळी वेगळ्या ऐकू येतात. दोघे त्याच स्वरांत वेगळे शब्द गाऊ लागले तर मात्रा कितीही जुळल्या तरी गलका होतो. भावाने ताईची ओळ उचलावी असे ठरले असेल, तर तिची चाल जशीच्या तशी न देता त्याच्या पल्ल्यात बसेल असे तिचे रूप रचायला हवे, नाहीतर ऐन क्षणी त्याचा आवाज फाटेल.

मसुदा तयार झाला की चालीशिवाय दोघांना तो मोठ्याने वाचायला लावावा. एकत्र येणाऱ्या जागी तिसऱ्या माणसाने डोळे मिटून ऐकावे आणि काय घडले ते सांगावे. त्याला गोष्ट सांगता आली नाही तर आवाज एकत्र यायला घाई झाली आहे. मग ती जागा चार-सहा ओळी पुढे ढकलावी आणि तोवर दोघांना एकेकटे बोलू द्यावे.