जुनी डिस्क, नवा एक्सबॉक्स

'फोर्झा होरायझन' हा कार शर्यतीचा गेम २०१२ साली एक्सबॉक्स ३६०वर आला. २०१६मध्ये तो ऑनलाइन दुकानातून काढला गेला, कारण अशा गेममधल्या खऱ्या गाड्या आणि गाणी वापरायचे करार ठरावीक मुदतीचे असतात. पण ज्याच्याकडे त्याची डिस्क आहे, त्याला तो आजच्या एक्सबॉक्स सिरीज एक्सवर खेळता येतो. त्याच मालिकेतल्या 'फोर्झा मोटरस्पोर्ट ४'ची डिस्क मात्र तिथे चालत नाही.

असं का, ते डिस्क घातल्यावर काय होतं हे पाहिलं की कळतं. ३६०चा प्रोसेसर वेगळ्या जातीचा होता, त्यामुळे त्या डिस्कवरचा गेम नव्या यंत्राला जसाच्या तसा वाचून चालवता येत नाही. मायक्रोसॉफ्टने २०१५पासून एकेक गेम घेऊन, मालकांची परवानगी मिळवून, नव्या यंत्रासाठी पुन्हा बांधला. तुम्ही 'होरायझन'ची डिस्क घातली की यंत्र फक्त ती ओळखतं आणि ही नवी बांधणी इंटरनेटवरून उतरवून घेतं. म्हणून पहिल्या वेळी नेट हवंच. पुढे खेळताना डिस्कवरून काही वाचलं जात नाही, तरी ती आत ठेवावी लागते. ती तुमच्या मालकीची किल्ली आहे. मित्राला दिलीत, तर गेम तुमच्या यंत्रात असूनही उघडणार नाही.

ज्या गेमची अशी बांधणी झालीच नाही, त्याची डिस्क कितीही स्वच्छ असली तरी यंत्र ती चालत नसल्याचंच सांगतं. ही यादी आता वाढायची नाही. नोव्हेंबर २०२१मध्ये शेवटचे सत्तरहून अधिक गेम घातले गेले आणि कायदेशीर व तांत्रिक मर्यादांमुळे काम थांबलं. तेव्हा सेकंडहँड डिस्क घेण्याआधी एक्सबॉक्सच्या संकेतस्थळावरच्या यादीत नेमकं नाव पाहावं. मालिकेच्या नावावरून अंदाज बांधू नये.

एक्सबॉक्स वनच्या डिस्कचं बरंच सोपं आहे. गेम डिस्कवरूनच यंत्रात भरला जातो आणि किनेक्ट कॅमेरा लागणारे गेम सोडले तर जवळजवळ सगळे चालतात. खेळताना डिस्क आत हवी, हा नियम इथेही आहे.

सगळ्यात मोठी फसगत यंत्र घेताना होते. सिरीज एसला डिस्कची खाचच नाही, आणि सिरीज एक्सचीही खाच नसलेली पांढरी आवृत्ती निघाली आहे. तिथे फक्त डिजिटल गेम चालतात. 'होरायझन' पूर्वी ज्याने ऑनलाइन घेतला होता, त्याला तो त्याच खात्यातून अजूनही उतरवता येतो. बाकीच्यांना मात्र ड्राइव्ह असलेलं यंत्र आणि जुनी डिस्क, दोन्ही मिळवावं लागतं.