मृगाची सर की श्रावणाची?

'मोहक, ताजातवाना, मनाला भुरळ घालणारा सुगंध.' हे वाक्य परफ्यूमचं आहे, साबणाचं आहे की फरशी पुसायच्या लिक्विडचं? सांगता येत नाही ना? फ्रेंच परफ्यूमच्या जाहिराती मराठीत आणताना पहिला घोळ इथंच होतो. मूळ मजकुरात एक अख्खं दृश्य असतं आणि मराठीत उरतात फक्त तीन गुळगुळीत विशेषणं.

यात बिघडलं काय, असं वाटू शकतं. पण यवतमाळ, वणी किंवा पुसदला बसून तुम्ही फोनवरून परफ्यूम मागवता, तेव्हा मनगटावर मारून बघायला टेस्टर नसतो. वास येतो तो फक्त शब्दांमधून. ते शब्द चुकले, तर पैसे एका वासाचे जातात आणि बाटली भलत्याच वासाची येते.

एक खरं उदाहरण घेऊ. पॅरिसच्या गेरलाँ या घराण्यातल्या जाक गेरलाँ यांनी 1906 मध्ये एक परफ्यूम आणला, 'आप्रे लोंदे'. 'आप्रे' म्हणजे नंतर. 'ओंदे' म्हणजे अचानक येऊन थोड्या वेळात थांबणारा पाऊस.  आपल्याकडे त्यासाठी नेमका शब्द आहे, सर! म्हणजे 'सर येऊन गेल्यावर'. नाव तर सहज जमलं. खरी अडचण पुढे आहे.

समजा, या परफ्यूमसाठी फ्रेंच थाटाची एक ओळ आहे : पाऊस नुकताच थांबलाय, बागेतली फुलं ओली आहेत, ढगांतून पहिला किरण येतोय. आता हे मराठीत लिहायचं. हात आपोआप कुठं जातो? 'पहिल्या पावसानं तृप्त झालेल्या मातीचा दरवळ.' ऐकायला झक्कास! पण हे चूक आहे, कारण बाटलीत मातीचा वास नाहीच. तिथं व्हायोलेटची फुलं आहेत, आयरिसचा थोडा पावडरसारखा गंध आहे आणि बडीशेपेच्या जवळ जाणारी एक गार छटा आहे. एकूण वास हळवा, जरासा उदास.

आपल्याकडे 'पावसानंतर' म्हटलं, की नाकात मृगाचा पाऊस शिरतो. तापून तडकलेली जमीन, पहिले टपोरे थेंब आणि तो मृद्गंध. त्यात कापसाच्या जिल्ह्यात पहिला पाऊस म्हणजे पेरणी. आनंदही आणि 'पुन्हा येईल ना?' ही धाकधूकही. फ्रेंच बागेतल्या सरीत यातलं काहीच नाही. ती उकाडा फोडणारी सर नाही, आधीच ओल्या असलेल्या हवेतली आहे.

मग तशी सर आपल्याकडे नाही का? आहे की, श्रावणात! क्षणात पाऊस, क्षणात ऊन. माती आधीच भिजलेली, त्यामुळे तिचा वास मागे पडलेला. पुढे येतात पानं, फुलं आणि गारवा. म्हणून तिसरा खर्डा असा होईल :

'श्रावणातली एक सर येऊन गेली. फुलं अजून ओली. हवेत गारवा आणि ढगाआडून डोकावणारं कोवळं ऊन.'

यात 'सुगंध' हा शब्दच नाही, 'मोहक' तर नाहीच नाही. 'बडीशेप'सुद्धा मुद्दाम गाळली, कारण ती लिहिली की आपल्याला जेवणानंतरचं ताट आठवतं. तिचं काम 'गारवा' करतो. एक गोष्ट मात्र निसटलीच. व्हायोलेटची आठवण आपल्या नाकात नाही, ती शब्दांनी तयार होणार नाही. अशा वेळी फुलाचं नाव खाली घटकांच्या यादीत जसंच्या तसं द्यावं. वरच्या ओळीत त्याच्यासाठी मोगरा घुसवू नये.

याच्या उलट गंमत 'व्हेटिव्हर'ची. शब्द फ्रेंच वाटतो, पण मूळ तमिळ. त्यातला 'वेर' म्हणजे मुळी. आपण त्याला वाळा म्हणतो. गेरलाँनी 1959 मध्ये याच नावाचा परफ्यूम काढला. त्यात वाळ्यासोबत लिंबूवर्गीय फळं आणि तंबाखूची छटा आहे. आता 'व्हेटिव्हर' तसंच ठेवलं, तर मराठी वाचकाला कसलाच वास येत नाही. 'खस' लिहिलं, तर हिरवं सरबत समोर येतं. नुसतं 'वाळा' म्हटलं, तर माठातलं पाणी आणि मे महिन्यात कूलरमधून येणारी ओली झुळूक. मग 'वाळ्याची सुकी मुळी' म्हणून बघा. गारवा थोडा मागे सरकतो, माती आणि लाकूड पुढे येतं. एका शब्दाच्या चार आठवणींपैकी बाटलीतली आठवण कोणती, हे असं निवडावं लागतं.

फ्रेंच जाहिरातीत 'सोलेर' हे विशेषणही फार येतं. अर्थ सरळ, सूर्याचा. पण पारा 44-45 वर जाणाऱ्या यवतमाळात 'सूर्यासारखा सुगंध' कोण अंगाला लावेल? तिथं 'कोवळं ऊन' किंवा 'हिवाळ्यातलं ऊन' हवं.

कपड्यांचंही तेच. 'फ्लुईद' ड्रेसचं शब्दशः मराठी होतं 'द्रव पोशाख'. म्हणजे थेट केमिस्ट्रीची लॅब! आपल्या आज्या-मावश्या अशा कापडाला 'झुळझुळीत' म्हणतात. यात पातळपणा आहे, हालचाल आहे आणि पाण्याचा आवाजही. त्याच्या शेजारचा 'सुळसुळीत' मात्र जपून वापरा. त्यात निऱ्या न टिकण्याची तक्रार लपलेली असते. आणि 'स्गोंद पो', म्हणजे दुसरी त्वचा, हे मराठीत हॉस्पिटलसारखं वाटतं. 'अंगचाच वाटावा असा' म्हटलं की काम झालं.

वाक्याची घडणही सांभाळावी लागते. फ्रेंच जाहिरात 'ओझे!' म्हणते, म्हणजे धाडस करा. मराठीत ते सरकारी पोस्टर होतं. शिवाय आपली क्रियापदं बाई की बुवा हे लगेच सांगून टाकतात, 'निघालेली' की 'निघालेला'. परफ्यूम दोघांसाठी असेल तर पंचाईत. उपाय फ्रेंचमध्येच आहे. तिथं बऱ्याच ओळी क्रियापदाशिवाय असतात, आणि मराठीलाही ते शोभतं. वरचं 'फुलं अजून ओली' आठवा.

मराठीला हा विषय नवा आहे, असंही नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेतले अभ्यासक प. कृ. गोडे यांनी 'गंधवाद' या सुगंधशास्त्रावरच्या हस्तलिखिताचा अभ्यास केला. त्यावर मराठी टीका आहे, आणि तिचा काळ त्यांनी सुमारे 1350 ते 1550 असा धरला. म्हणजे वासाबद्दल मराठीत लिहिणं शतकांपूर्वीच सुरू झालंय.

जमलंय की नाही, हे तपासायची पद्धत सोपी आहे. ब्रँडचं आणि परफ्यूमचं नाव झाकायचं, फक्त मराठी ओळ मित्राला वाचून दाखवायची आणि विचारायचं, 'कशाचा वास आला?' उत्तर घटकांच्या यादीशी ताडून बघायचं. 'मस्त वाटलं' असं उत्तर आलं, तर ओळ पोकळ आहे. 'ओल्या मातीचा' आलं आणि बाटलीत माती नसेल, तर ओळ सुंदर असूनही खोटी आहे. 'ओली फुलं, गार हवा' आलं, की पेन खाली ठेवायला हरकत नाही.