पाटीवरच्या अक्षरांचे माप आणि मोल

हाताने लिहून घेतलेल्या नावाच्या पाटीचा भाव विचारताना गिऱ्हाईक बहुधा एकच गोष्ट सांगते: नाव किती अक्षरांचे आहे. देवनागरीत हे 'किती' ठरवणे वाटते तितके सोपे नाही. संगणक 'कुलकर्णी' या नावात आठ चिन्हे मोजतो, कारण काना, वेलांटी, उकार आणि हलन्त यांनाही तो वेगळे चिन्ह धरतो. वाचणाऱ्याला मात्र तिथे कु, ल, क, र्णी अशी चारच अक्षरे दिसतात. 'ज्ञानेश्वरी' चारच अक्षरांची, पण संगणकाच्या मोजणीत ती अकरा होते. उलट 'नवनगर' दोन्ही मोजण्यांत पाचच राहते. यंत्राच्या मोजणीवर भाव लावला, तर 'ज्ञानेश्वरी' लिहिणाऱ्याला 'नवनगर'च्या दुपटीहून अधिक पैसे मिळतील, जरी पाटीवर तिची लांबी जवळपास तेवढीच भरते. म्हणून या व्यवसायात मोजायचे ते बोलले जाणारे पूर्ण अक्षर, आणि गिऱ्हाइकालाही आधीच तसे सांगायचे.

अक्षरांची संख्या कळली तरी पाटीचे माप कळत नाही, कारण देवनागरी जेवढी आडवी पसरते तेवढीच वर आणि खालीही जाते. वेलांटी, मात्रा आणि रफार शिरोरेघेच्या वर चढतात, उकार तळाशी लोंबतो. शिरोरेघेपासून तळापर्यंतच्या भागाला अक्षराची मूळ उंची म्हटले, तर वरच्या चिन्हांसाठी साधारण तिच्या निम्मी आणि खालच्या उकारासाठी तिच्या दोन पंचमांशाइतकी जागा राखावी लागते. 'कुलकर्णी'त खाली उकार आहे, वर रफार आणि वेलांटी दोन्ही आहेत. म्हणजे या नावाची एकूण उंची मूळ उंचीच्या सुमारे 1.9 पट होते.

एक पाटी 18 इंच लांब आणि 8 इंच उंच आहे असे समजू. कडा सोडल्या की साधारण 40 सेंटिमीटर लांबी आणि 15 सेंटिमीटर उंची हाती राहते. 'कुलकर्णी'साठी 15 सेंटिमीटरला 1.9 ने भागले की मूळ उंची जेमतेम 8 सेंटिमीटर येते. 'नवनगर'ला वर किंवा खाली काहीच नाही, त्यामुळे त्याला उंचीची अडचण येत नाही, फक्त लांबी आड येते, आणि मूळ उंची 10 सेंटिमीटरपर्यंत नेता येते. पाच अक्षरांचे नाव चार अक्षरांच्या नावापेक्षा मोठे दिसते ते असे. घराच्या फाटकापासून नाव वाचता यावे ही अपेक्षा असेल, तर पाटीच्या लांबीआधी तिच्या उंचीचा विचार करावा लागतो. पहिल्या अंदाजात चुकलेल्या पाट्या बहुतेक इथेच चुकतात: शेवटी लक्षात येते की रफार कडेला टेकला आहे, मग सगळे अक्षर दाबून लहान करावे लागते.

भाव अक्षरागणिक सरळ वाढवण्यातही गफलत आहे. कामाचा मोठा वेळ रंग भरण्यात जात नाही, तो अक्षरांची मांडणी ठरवण्यात जातो: कोणत्या अक्षराचा काना लांबवायचा, कोणती वेलांटी शेजारच्या अक्षरावरून न्यायची, शिरोरेघ अखंड ठेवायची की तोडायची. दोन अक्षरांच्या 'जोशी'लाही हा विचार लागतोच. म्हणून भावाचे दोन भाग करणे रास्त: मांडणीसाठी एक ठरलेली रक्कम आणि त्यावर अक्षरागणिक दर. जोडाक्षराचे वेगळे पैसे घ्यावेत का, हा वादाचा मुद्दा आहे. गिऱ्हाइकाने स्वतःचे नाव निवडलेले नसते, तेव्हा 'श्री' किंवा 'ज्ञा' लिहायला लागणारा जास्तीचा वेळ ठरलेल्या रकमेतच धरणे अधिक शोभते.

शुभेच्छांचा किंवा मानपत्राचा मजकूर लिहिताना हिशेब बदलतो. तिथे कागदाचे माप आणि ओळींची संख्या धरतात. देवनागरीच्या ओळींमध्ये भरपूर अंतर हवे, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. त्यामुळे ए-3 कागदावर किती मजकूर बसेल हे गिऱ्हाइकाला आधीच सांगितलेले बरे. टंकलेल्या पानाइतका मजकूर त्यावर कोंबला की सुलेखन उरत नाही. एखाद्या कवीची कविता लिहून मागितली, तर कवीच्या निधनानंतर भारतात 60 वर्षे तिचा स्वामित्वहक्क टिकतो, हे लक्षात ठेवून विक्रीआधी हक्कदाराची परवानगी घ्यावी लागते.

मोडीत लिहिताना आणखी एक अडचण उभी राहते: अनेक गिऱ्हाइकांना आपण मागवलेले वाचता येत नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रातले दप्तर आणि घरगुती हिशेब मोडीत चालत. बोरू कमीत कमी उचलून भराभर लिहिता यावे अशी या लिपीची घडण आहे: आधी ओळभर शिरोरेघ ओढायची, मग तिला अक्षरे लटकवत जायचे, आणि शब्दांमध्ये अंतर सोडायचे नाही. इकार ऱ्हस्व असो वा दीर्घ, साधारणपणे दीर्घ वेलांटीच काढतात, आणि उकार ऱ्हस्व. म्हणजे 'दिन' आणि 'दीन' मोडीत एकसारखेच दिसतात. हे आधी सांगितले नाही, तर घराच्या नावात चुकून दीर्घ वेलांटी पडली आहे अशी तक्रार हमखास येते. हल्ली युनिकोडमध्येही मोडीला जागा आहे, 2014 पासून, आणि तिचे फाँटही मिळतात. पण फाँटमधून उमटलेली अक्षरे एकेकटी उभी असतात, बोरूचा एकातून दुसऱ्यात जाणारा वेग त्यांत नसतो. फाँट गिरवून तयार केलेली पाटी जाणकाराला पहिल्या नजरेत ओळखू येते. मोडीचे काम घेणाऱ्याने प्रत्येक नाव मोडी वाचणाऱ्या दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्यावे आणि गिऱ्हाइकाला त्याचे देवनागरी रूप सोबत लिहून द्यावे. दुकानासाठी मोडी मागणाऱ्याला एक गोष्ट आधी सांगावी लागते: महाराष्ट्रात दुकानांच्या पाट्या मराठीत आणि देवनागरी लिपीत असणे कायद्याने सक्तीचे आहे, तेव्हा मोडी तिथे देवनागरीच्या जोडीनेच शोभते.

देवनागरीतही नाव नीट विचारून घेतल्याशिवाय ब्रश उचलू नये. 'कुऱ्हाडे' हे आडनाव मोबाइलवर टाइप करताना अनेकदा 'कुर्हाडे' असे रफारासह उमटते, कारण मराठीतला अर्धा ऱ, जो पापणीसारखा दिसतो, त्यासाठी वेगळी कळ दाबावी लागते. मिळालेला संदेश जसाच्या तसा पाटीवर उतरवला, तर माणसाचे आडनावच बदलते. काही फाँटमध्ये हिंदी वळणाचे ल आणि श दिसतात. मराठी वाचकाला पाकळीचा ल आणि देठाचा श आपला वाटतो, आणि महाराष्ट्र शासनाने 2009 मध्ये हीच रूपे प्रमाण ठरवली. म्हणून नाव आधी टाइप करून, मग पेन्सिलने आखलेल्या कच्च्या रेखाटनाचा फोटो पाठवून, दोन्ही टप्प्यांवर गिऱ्हाइकाचा लेखी होकार घ्यावा. रंग चढल्यावर वेलांटी बदलता येत नाही. दुसऱ्याचे नाव असलेली पाटी दुसऱ्या कोणाला विकताही येत नाही, त्यामुळे निम्मी रक्कम आगाऊ घेण्यात संकोच करू नये.

आता एक पूर्ण उदाहरण. नागपूरच्या एका घरासाठी पुण्यातल्या सुलेखनकाराकडे मागणी येते: सागवानी पाटीवर वर देवनागरीत 'कुलकर्णी' आणि खाली मोडीत लहान अक्षरांत 'शांतिवन'. 18 बाय 8 इंचांच्या पाटीत या दोन ओळी बसवल्या, तर 'कुलकर्णी'ची मूळ उंची साडेपाच सेंटिमीटरपर्यंत खाली येते. पाटीची उंची 10 इंच केली की तीच सात सेंटिमीटरच्या पुढे जाते. गिऱ्हाईक दुसरी सूचना मान्य करते. 'शांतिवन'मधली वेलांटी मोडीत दीर्घ दिसणार हे त्याला रेखाटन पाठवतानाच सांगितले जाते. हिशेब असा मांडता येतो (आकडे उदाहरणापुरते आहेत): मांडणीचे 900 रुपये, आठ अक्षरांचे प्रत्येकी 100 प्रमाणे 800, पाटी, रंग आणि पॉलिश यांचे 1800, पॅकिंगचे 250. एकूण 3750 रुपये, आणि वर पाठवणीचा खर्च.

हा पाठवणीचा खर्चच अनेकांचा नफा खातो. पावणेदोन सेंटिमीटर जाडीच्या या पाटीचे वजन दीड किलोच्या आत भरते. कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे संरक्षण, भोवती बबल रॅप आणि जाड खोका केला की मोजमाप 56 बाय 36 बाय 9 सेंटिमीटर होते, आणि सगळे मिळून वजन दोन किलोच्या आसपास जाते. पण बहुतेक कुरियर कंपन्या वजनाबरोबर खोक्याने व्यापलेली जागाही मोजतात: लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून 5000 ने भागतात, आणि प्रत्यक्ष वजन व हा आकडा यांतला जो मोठा असेल त्यावर पैसे घेतात. इथे तो आकडा 3.6 किलोच्या वर येतो, आणि अर्ध्या किलोच्या टप्प्याने पुढे ओढून चार किलोचे बिल होते. अर्ध्या किलोला 50 रुपये दर धरला, तर 200 ऐवजी 400 रुपये. म्हणून भाव सांगण्याआधी खोक्याचे मोजमाप ठरवायचे, पाठवताना नव्हे.

कागदावरचे काम या बाबतीत सोपे आहे. 300 जीएसएमच्या ए-3 कागदाचे वजन 40 ग्रॅमही भरत नाही. शाई पूर्ण वाळल्यावर त्यावर बटर पेपर ठेवून, लिहिलेली बाजू बाहेर राहील अशी सैल गुंडाळी करावी, ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावी आणि मग पुठ्ठ्याच्या नळीत सरकवावी. पावसाळ्यात पिशवी विसरली, तर पाण्यात विरघळणारी शाई पसरते. परदेशातल्या मराठी घरासाठी मागणी आली, तर लाकडाऐवजी हीच नळी बरी. काही देशांत, विशेषतः ऑस्ट्रेलियात, लाकडी वस्तू सीमेवर कीड-तपासणीसाठी अडकू शकतात, आणि चौकट करून घेणे मागणाऱ्याला तिथेही जमते. काच लावलेली चौकट मात्र पुण्याहून मुंबईलाही पाठवू नये. चौकट हवीच असेल तर काचेच्या जागी ॲक्रिलिकचा पत्रा घालावा.